वरणातली गोळी

“माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. जरा बरं वाटलं की गोळ्या बंद करतो. आई आता गुपचूप जेवणात मिसळून देते. हे चालेल का? पुन्हा त्रास सुरू होतोय हे आधी कसं ओळखायचं? आणि नातेवाइकांना काय सांगायचं?”

समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या घरांमध्ये गोळी गुपचूप देणाऱ्या आया इतक्या भेटतात, की पहिल्याच भेटीत मी सरळ विचारतो, “वरणात की चहात?” बहुतेक वेळा आई खाली बघते आणि उत्तर मिळतं. अशी किती तरी घरं एकत्र करून हा एक अनुभव सांगतो. मुलाला मनोज म्हणू. साताऱ्याकडचा, तिशीच्या आतला, किराणा दुकानात कामाला. वडील एसटीतून निवृत्त, थोरली बहीण लग्न होऊन पुण्यात.

मनोजला शेजाऱ्यांचे आवाज ऐकू यायचे. आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवतंय, खाण्यातून काहीतरी घालतंय, अशी त्याची खात्री होती. औषधाने हे बरंच ओसरलं, तो कामाला जाऊ लागला, आणि मग त्याने गोळ्या सोडल्या. आईने त्या कुटून वरणात घालायला सुरुवात केली. एके रात्री आपली वाटी वेगळी वाढली जातेय आणि तिच्या तळाशी पांढरी भुकटी राहिलीय, हे मनोजच्या लक्षात आलं. तेव्हापासून घरचं जेवण बंद. सीलबंद बिस्किटपुडे आणि स्वतः सोललेली केळी, एवढंच. “संशय परत सुरू झालाय,” असं सांगत घरचे त्याला माझ्याकडे घेऊन आले.

यात आणखी एक घोळ होता. ज्या रात्री तो बाहेर जेवायचा, त्या रात्री गोळी पोटात जायचीच नाही. डॉक्टरांना मात्र “रोज घेतोय” असं सांगितलेलं. रोज घेऊनही त्रास होतोय म्हणजे डोस कमी पडतोय, असंच डॉक्टर समजणार आणि तो वाढवणार. शिवाय काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्या कुटल्या की औषध एकदम अंगात जातं.

तिसऱ्या की चौथ्या भेटीत मनोज म्हणाला, “सर, मी वेडा नाही. वरणात खरंच काहीतरी होतं.”

मी आईकडे बघितलं. वडील मध्ये बोलायला लागले, त्यांना हाताने थांबवलं. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, “होय रे. मीच घालत होते. गोळी.”

मनोजने विचारलं, “कधीपासून?”

“गणपतीपासून.”

तो चिडेल असं सगळ्यांना वाटत होतं. तो फक्त एवढंच म्हणाला, “म्हणजे एवढं तरी खरं होतं.”

माझ्या कामात मला समाधान देणारे जे थोडे क्षण आहेत, त्यांतला हा एक. ज्याच्या आजाराचं म्हणणंच असतं की अन्नातून काहीतरी दिलं जातंय, त्याला आपण खरोखरच अन्नातून काहीतरी देत होतो. आजाराला घरातूनच साक्षीदार मिळाला होता. आईने कबूल केलं आणि खरं काय, भास काय, हे त्याच्याशी बोलायला पहिल्यांदा जागा झाली.

त्यानंतर मी त्याला विचारलं, “गोळ्या का सोडल्यास?” घरातल्या कुणीही हे विचारलं नव्हतं. सगळे “घेतलीस का?” एवढंच विचारायचे.

“सकाळी दहापर्यंत डोळे उघडत नाहीत. मालक आठला बोलावतो. आणि पँट बत्तीसची छत्तीस झाली.”

दोन्ही कारणं खरी होती. त्याच्या ओलान्झापिन या औषधाने झोप आणि वजन दोन्ही वाढतात. सोडल्यावर पहिले काही दिवस सुस्ती जाते, माणूस तरतरीत होतो. आजार मात्र बहुतेकदा दुसऱ्या दिवशी परतत नाही, काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी परततो. म्हणून गोळी सोडणं आणि त्रास परतणं यांचा संबंध त्या माणसाला दिसत नाही. गोळी सोडली आणि बरं वाटलं, एवढंच दिसतं.

हे सगळं, वरणासकट, डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी आधी गोळीची वेळ रात्री लवकर आणली, पुढे वजन कमी वाढवणारं औषध हळूहळू सुरू केलं. काही आठवड्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनचा पर्यायही सांगितला. रोजची गोळी ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी तो उत्तम असतो. मनोजने गोळीच निवडली. सात कप्प्यांची डबी आणली. रविवारी तोच ती भरतो, वडील सकाळी कप्पा रिकामा आहे का तेवढं बघतात. एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, आणि भांडणात गोळीचं नाव काढायचं नाही, असं ठरलं. आईला हे दुसरं फार जड गेलं. तो जरा मोठ्याने बोलला, की “गोळी घेतली नाहीस वाटतं” हे तिच्या तोंडावर यायचंच.

मी कुटुंबाकडून सुरुवात करणारा समुपदेशक आहे, हे एव्हाना कळलं असेल. लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन यांनी गेल्या शतकातच दाखवलं होतं की सतत टीका, राग किंवा अति काळजी असलेल्या घरांत रुग्णाचा आजार जास्त वेळा उलटतो. घरच्यांमुळे स्किझोफ्रेनिया होतो, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. पण घरातली हवा त्याला सोसते की नाही, याला महत्त्व आहे.

आजार उलटण्याची लक्षणं छापील यादीतून शोधू नका. प्रत्येकाचा क्रम वेगळा असतो आणि बहुतेकदा तोच क्रम पुन्हा येतो. मनोज बरा असताना आम्ही मागच्या दोन वेळा काय झालं ते आठवून कागदावर उतरवलं. आधी झोप जाते. मग रस्त्याकडची खिडकी बंद होते. मग मोबाईल बंद, अंघोळ टळते. आवाज सगळ्यात शेवटी. म्हणजे घरचे ज्याला सुरुवात समजत होते, तो शेवट होता. सलग तीन रात्री झोप नाही तर डॉक्टरांना फोन, हे त्याच्याच अक्षरात लिहिलं. मरणाचं बोलणं, आवाज काही करायला सांगताहेत असं सांगणं, अन्नपाणी सोडणं, यात मात्र वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. रात्री-अपरात्री काय करावं सुचलं नाही तर 14416 या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर बोलता येतं.

कुणाचं आजारपण इतकं वाढतं की तो काहीच मान्य करत नाही. तेव्हाही वरण हा मार्ग नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार माणूस बरा असताना आपला प्रतिनिधी नेमू शकतो, आणि गरज पडली तर कायद्याच्या अटींत त्या प्रतिनिधीच्या अर्जावरून त्याला दाखल करता येतं. डॉक्टरांशी हे आधीच बोलून ठेवा.

राहिले नातेवाईक. चुलतबहिणीच्या लग्नाआधी काकूंचा निरोप आला, “त्याला नका आणू, पाहुणे बघायला येतात.” त्याआधी देवऋषी सुचवून झाला होता, “लग्न करून द्या, सुधारेल” हेही झालं होतं. लग्नाने हा आजार बरा होत नाही, आणि लपवून केलेल्या लग्नात दोघांचीही फरफट होते, यावर मी कुणाच्या भिडेखातर गप्प बसत नाही. कुणाला किती सांगायचं हे मनोजने ठरवलं. वाक्य त्याचंच, “मेंदूचा आजार आहे, औषध चालू आहे, कामाला जातो.” वडिलांनी काकूंना फोन केला, “वहिनी, येऊ तर सगळेच येऊ.” गेले सगळे. डीजे सुरू झाल्यावर मनोज आणि वडील बाहेर येऊन बसले, जेवून लवकर निघाले. काकू अजून नीट बोलत नाहीत.

पुढच्या दिवाळीत त्याची झोप पुन्हा उडाली. या वेळी डॉक्टरांना फोन त्यानेच केला, तोही दुसऱ्याच रात्रीनंतर. डोस थोडा वाढवला, दोन दिवस सुट्टी घेतली, खिडकी बंद झाली नाही. मालकाला त्याने ताप आल्याचं सांगितलं. खरं सांग, असा आग्रह मी धरला नाही.