वहीत नुसतं 'मीटिंग' लिहू नकोस

नौपाडा, ठाणे
रविवार सकाळ

प्रिय मित्रा,

कुठलं काम आपल्याला मानवतं ते शोधायला तू जी वही लिहायला घेतलीस, तिच्या पानाचा फोटो दोनदा नीट वाचला. ठरल्याप्रमाणे हुरूप आला तर अधिक, दमछाक झाली तर उणे, जास्तीत जास्त दोन गुण, हे सगळं बरोबर आहे. पण पानभर 'मीटिंग', 'रिपोर्ट', 'क्लायंट कॉल' एवढंच दिसतं. यातून तुला काही हाती लागणार नाही, कारण यातल्या एकेका शब्दात तीन-चार वेगळी कामं दडलेली आहेत.

मंगळवारची मीटिंगच घे. तिला तू उणे दोन दिलेस. पण फोनवर तूच म्हणालास की डिलिव्हरी कुठे अडकते ते फळ्यावर काढून दाखवलंस ती दहा मिनिटं मस्त गेली, आणि मग कुणी कुठल्या तारखेला काय द्यायचं यावर अर्धा तास घोळ चालला तेव्हा डोकं चढलं. म्हणजे नोंदी दोन हव्या होत्या: 'फळ्यावर समजावलं, अधिक दोन' आणि 'तारखांवरून वाद घातला, उणे दोन'. कामाचं नाव लिहू नकोस, केलेली क्रिया लिही. तपासलं, जुळवलं, समजावलं, मागे लागलो.

हे मी माझ्या वहीतून शिकलो. तिशीत मी वाशीला शिपिंगच्या कागदपत्रांचं काम करत होतो. टेबलावरचं काम आपलं नव्हे, आपल्याला माणसांत राहायला हवं, असं माझ्या मनाने घेतलं होतं आणि मी सेल्समध्ये जायच्या तयारीत होतो. तेव्हा तीन आठवडे वही लिहिली. एके दुपारी इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंगचा मसुदा शेजारी ठेवून ताडून बघत होतो. पॅकिंग लिस्टवर वजन 12,480 किलो, मसुद्यावर 12,840. ती चूक सापडेपर्यंत चहा गार झाला होता आणि मला पत्ताच नव्हता. नोंद, अधिक दोन. ती चूक का महागात पडते हे नव्या मुलाला समजावलं, तेही अधिक दोन. आणि पार्टीला 'कागद कधी पाठवता' म्हणून केलेले सगळे फोन उणे दोन. मला माणसं हवी होती हे खरंच, पण शिकायला आलेली. ज्यांच्या मागे लागावं लागतं ती नव्हेत. सेल्समध्ये तर दिवसभर तेच केलं असतं. मी साहेबांकडे तपासणी आणि नव्या मुलांचं शिक्षण मागून घेतलं.

दुसरी गोष्ट, तू शुक्रवारी रात्री बसून आठवडा आठवून लिहितोस असं दिसतं; सगळ्या नोंदी एकाच शाईत, एका दमात आहेत. तसं करू नकोस. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी 1993 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांनी एकदा 60 सेकंद 14 अंशांच्या गार पाण्यात हात ठेवला. दुसऱ्या वेळी तेवढाच वेळ ठेवून वर आणखी 30 सेकंद, किंचित कमी गार पाण्यात. पुन्हा कुठलं करशील, असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचंच निवडलं, कारण शेवट जरा सुसह्य होता. आठवण अशीच असते. शुक्रवारी संध्याकाळी साहेब बोलले की सोमवारची चांगली सकाळही पुसली जाते. म्हणून जेवणाच्या सुट्टीत एकदा आणि निघण्याआधी एकदा, दोन-दोन मिनिटं लिही.

आता तुझे रिपोर्ट. सगळे उणे आहेत, पण सगळे संध्याकाळी पाचनंतरचे आहेत. ऐरोलीहून ठाण्याची गर्दीची गाडी डोळ्यांसमोर असताना कुठलं काम गोड लागेल? या आठवड्यात दोन रिपोर्ट सकाळी दहाला कर. तरीही उणे आले तर दोष कामाचा. शून्यावर किंवा वर आले तर वेळेचा. 'क्लायंट कॉल'चंही तेच, सगळे एकाच क्लायंटचे आहेत. पानाच्या डोक्यावर झोप किती झाली तेही टाकत जा.

एक्सेलला तू अधिक एक दिलास, तिथे मला शंका आहे. सगळे तुझं कौतुक करतात, म्हणून तर दिला नाहीस ना? हातखंडा असलेलं कामही माणसाला आतून थकवतं, आणि हीच खूण सगळ्यात उशिरा ओळखू येते. काम संपल्यावर पंधरा मिनिटांनी स्वतःला विचार, असंच आणखी एक आत्ता आलं तर घेशील का? त्या उत्तराला गुण दे. उलट, नव्याने शिकत असलेल्या कामाला पहिले काही आठवडे उणे मिळालं तर लगेच फुली मारू नकोस, शेजारी 'नवीन' लिही.

आणि जे काम तू कधी केलंच नाहीस, ते या वहीत येणारच नाही. तुला ट्रेनिंग टीमबद्दल कुतूहल आहे ना? मग त्यांच्या एका सत्राची तयारी मागून घे, म्हणजे त्याचीही नोंद होईल.

चार आठवडे झाले की वही घेऊन तलावपाळीवर ये. क्रियापदं वेगळी काढून, कुठली पुन्हा पुन्हा येतात ते आपण दोघं मिळून मोजू.

तुझा,
सर