‘मॅडम, उद्यापासून येत नाही’ : फिजिओचे सेशन बंद करतानाचा मेसेज

माझा उजवा खांदा आखडलाय, फ्रोझन शोल्डर सांगितलंय. वय ५४, शुगर आहे. २० चं पॅकेज घेतलं होतं, ५ आठवड्यांत १२ सेशन झाले, फार फरक नाही. आता बंद करायचंय पण मॅडम फार गोड आहेत, त्यांना वाईट वाटेल. ‘गावाला चाललेय’ असं कळवलं तर चालेल का?

नका हो कळवू असं. मी स्वतः फिजिओ आहे आणि असे ‘गावाला चाललोय’वाले मेसेज मला महिन्याला दोन-तीन तरी येतातच, आणि त्यातलं कोणी पुढच्या आठवड्यात भाजी घेताना समोर आलं की दोघांचीही पंचाईत होते. पण खरं नुकसान वेगळंच आहे. तुम्ही का थांबलात हे मला कळलं नाही तर मी तुमच्या फाईलवर ‘पेशंट बाहेरगावी’ लिहून मोकळी होते, आणि ट्रीटमेंट चुकत होती की आजारच सावकाश जाणारा होता हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

आता तुमच्या खांद्याचं. यात खांद्याच्या सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, मग जाड होऊन आक्रसतं. सुरुवातीचे काही महिने दुखणं जास्त असतं, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. मग दुखणं उतरतं पण हात अडकलेला राहतो, तो काळही बरेच महिने चालतो, आणि शेवटी हळूहळू सुटतो. सगळं मिळून दीड-दोन वर्षं लागली तर त्यात आश्चर्य नाही, आणि शुगरवाल्यांमध्ये हा आजार जास्त दिसतो आणि जास्त रेंगाळतोही. म्हणजे ५ आठवड्यांत फार फरक नाही हे वाक्य बरोबर असू शकतं आणि तरी कोणाचीच चूक नसू शकते. पॅकेज देताना हे सांगायला हवं होतं, ते सांगितलं नसेल तर तुमची नाराजी रास्त आहे.

म्हणून मेसेज टाईप करायच्या आधी आकडा मिळवा. पहिल्या दिवशी मॅडमनी कोपर कमरेला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला किती फिरतो ते मोजलं असेल, कारण या आजारात तीच हालचाल सगळ्यात जास्त जाते. समजा तेव्हा १५ अंश होतं, आज २५ आहे आणि चांगला हात ७० पर्यंत जातो. मग १० अंश मिळालेत. कमी आहेत, पण खरे आहेत. तेच १५ चे १८ झाले असतील तर त्याला सुधारणा म्हणू नका, मोजताना ५ अंश इकडेतिकडे होतातच. कोणी मोजलंच नसेल तर घरी बघा: हात पाठीमागे नेऊन अंगठा कुठवर पोचतो, परकराच्या नाडीपर्यंत की तिच्या चार बोटं वर. रात्री दुखण्याने किती वेळा जाग येते तेही लिहून ठेवा.

आणि आता जरा टोचेल असं. घरचे व्यायाम किती दिवस केले? काठी धरून हात फिरवणं, भिंतीवर बोटं चढवणं वगैरे. पेशंट नेहमी ‘करते की’ म्हणतात, मी पण माझी पाठ दुखत होती तेव्हा मला ट्रीटमेंट देणाऱ्या मैत्रिणीला तेच सांगत होते! मेसेजमध्ये हे खरं लिहिलंत तर समोरच्या माणसाला सगळं चित्र दिसतं. साधारण असं लिहा:

> नमस्कार मॅडम. सोमवारपासूनचे सेशन सध्या थांबवतेय, पॅकेजमधले ८ राहिलेत. कारण सरळ सांगते. १२ सेशननंतर रात्रीचं दुखणं बरंच कमी झालंय, आधी तीनदा जाग यायची आता कधीतरी एकदा. पण हात बाहेर फिरणं १५ वरून २५ वरच आलंय, वेणी अजून घालता येत नाही. घरचे व्यायाम आठवड्यातून दोनच दिवस झाले हेही खरं. आठवड्यातून तीनदा यायचा खर्च आणि रिक्षा आता झेपत नाही. राहिलेले ८ सेशन दोन-तीन आठवड्यांतून एकदा असे वापरता येतील का? आणि हाडाच्या डॉक्टरांना परत दाखवू का, तुमचं मत सांगा.

बघा, यात कुठेही ‘तुमच्यामुळे फरक पडला नाही’ असं नाही आणि ‘तुम्ही खूप छान आहात पण’ असंही नाही. दुखणं उतरलंय, हात अडकलाय हे वाचल्यावर मॅडमना लगेच कळेल की तुम्ही दुसऱ्या टप्प्यात आहात, तिथे रोज घरी व्यायाम आणि मधूनमधून तपासणी एवढ्यावर भागतं, आठवड्याला तीन वेळा शेक-मशीनसाठी येण्यात फारसा अर्थ नाही. शेकाने बरं वाटतं, पण आवरण शेकाने सैल होत नाही.

डॉक्टरांचा प्रश्न मी मुद्दाम घातलाय. दुखणं अजून जोरात असेल तर सांध्यात स्टेरॉईडचं इंजेक्शन देतात, त्याने काही आठवडे चांगला आराम पडतो, फक्त तुमची शुगर त्यानंतर काही दिवस वर जाईल तेव्हा आधी बोलून घ्या. आणि एक खूण बघा: दुसऱ्याने तुमचा हात सैल सोडून उचलला तर तो आरामात वर जातो पण तुम्हाला स्वतःला उचलता येत नाही, असं असेल तर ते फ्रोझन शोल्डर नसून खांद्याच्या स्नायूला हाडाशी जोडणारा दोर फाटलेला असू शकतो. मग फ्रोझन शोल्डरचे १२ काय ४० सेशन केले तरी उपयोग होणार नाही. फ्रोझनमध्ये दुसऱ्याने उचलला तरी अडतोच.

आईचा गुडघा बदललाय, ५ आठवडे झाले. घरी फिजिओ येतात, ८० अंशच वाकतोय, आई रडते आणि म्हणते ह्यांना बंद कर. सरांना काय मेसेज टाकू?

बंदचा मेसेज टाकू नका. इथे थांबून बघू चालत नाही. खांद्याला वेळ आहे, गुडघ्याला नाही. ऑपरेशननंतर सहाव्या आठवड्याला ९० अंशसुद्धा वाकत नसेल तर बरेच सर्जन भूल देऊन गुडघा वाकवून द्यायचा विचार करतात, आणि तो साधारण पहिल्या तीन महिन्यांत केला तरच नीट सुटतो, नंतर आतला व्रण घट्ट होत जातो. तुम्ही आता गप्प बसून महिनाभर बंद केलंत तर ती संधीच जाईल आणि वर सर्जनला वाटेल घरी सगळं छान चाललंय.

मेसेज दोघांना पाठवा, फिजिओ सरांना आणि सर्जनच्या ओपीडीला, आणि तोच एक मेसेज पाठवा म्हणजे दोघं दोन गोष्टी ऐकणार नाहीत:

> आईचा गुडघा ५ आठवड्यांनी ८० पर्यंतच वाकतोय. गेले १० दिवस पुढे सरकलेला नाही. वाकवताना फार दुखतं, ती सेशन बंद करा म्हणतेय. गोळी सेशनच्या आधी देत नव्हतो. लवकरची अपॉइंटमेंट हवी आहे. तोपर्यंत उद्याचं सेशन ठेवायचं का आणि कसं, ते सांगा.

गोळीचं वाक्य मी अंदाजाने घातलंय, पण बहुतेक घरांत हेच सापडतं. दुखण्याची गोळी जेवणानंतर दिली जाते आणि फिजिओ येतो चारला, तोवर तिचा असर उतरलेला. डॉक्टरांना विचारून ती सेशनच्या पाऊण तास आधी द्या, अर्धं रडणं तिथेच थांबतं. आणि गुडघ्याखाली उशी ठेवून झोपत असतील तर ती काढा, त्याने सरळ होणं पण जातं. पोटरी सुजून दुखायला लागली, जखम लाल झाली, पाणी येतंय किंवा ताप आला तर मात्र मेसेज टाईप करत बसू नका, फोन करा आणि जा.

बाबांना पॅरालिसिस होऊन ७ महिने झाले. एक तरुण फिजिओ रोज घरी येतो, मुलगा मनापासून करतो पण महिनाभर सगळं आहे तिथेच आहे. पैसे संपत आलेत. त्याला सांगायला जीव होत नाही.

त्याला पण कळतंय की पुढे सरकत नाहीये, फक्त तो बोलत नाहीये. सगळ्यात वेगाने सुधारणा पहिल्या तीनेक महिन्यांत होते, सहा महिन्यांनंतर ती मंदावते, थांबतेच असं नाही. त्यामुळे रोजचं आता न परवडणं ही काही बाबांशी गद्दारी नाही. पण एकदम शून्यावर आणलंत तर वेगळा त्रास सुरू होतो, टाच वर खेचली जाते, बोटं मुठीत अडकतात, आणि मग जे मिळालंय तेही जातं.

तेव्हा रद्द करायच्या ऐवजी कामाची वाटणी मागा. असं लिहा की ‘रोजचा खर्च १ तारखेनंतर जमणार नाही, शेवटचे ६ दिवस राहिलेत, त्यात बाबांवर काम करण्यापेक्षा मला आणि आईला शिकव. पुढे १५ दिवसांतून एकदा येऊन आमचं चुकतंय का बघशील का?’ आणि काय शिकायचं ते नेमकं ठरवा: खाटेवरून उठून खुर्चीत बसवणं, घोटा आणि बोटं ताणणं, धरून दोन मिनिटं उभं करणं. त्याला करताना मोबाईलवर शूट करा. एक गोष्ट पहिल्याच दिवशी विचारा, लुळ्या हाताला धरून कधीच उठवायचं नसतं, खांदा निसटतो, आणि नव्वद टक्के घरांत मी हेच बघते, प्रेमाने हात धरून ओढतात.

प्रगती पण अंशात मोजू नका. ‘संडासपर्यंत एका माणसाच्या आधाराने जातात, मागच्या महिन्यात दोन लागायचे’ हे माझ्या लेखी मोठं माप आहे. असं काही घडलंय का ते त्याला विचारा, कारण चोवीस तास सोबत असणाऱ्या घरच्यांना ते दिसत नाही.

पॅकेजचे उरलेले पैसे परत मागितले तर वाईट दिसेल का?

नाही. पण मागणी आणि तब्येतीची तक्रार एका वाक्यात गुंफू नका, नाहीतर सगळा मेसेज भांडणाचा वाटतो. आधी थांबण्याचं कारण, मग वेगळ्या ओळीत ‘२० पैकी १२ झाले, ८ चे पैसे परत मिळतील की पुढे वापरता येतील?’ एवढंच. पावतीवर नियम छापलेला असतो तो आधी वाचा, काही ठिकाणी सुटे सेशन महाग धरून हिशेब करतात. आणि उद्याचं सेशन असेल तर आज संध्याकाळच्या आत कळवा, सकाळी निघायच्या वेळेला मेसेज टाकला की तो स्लॉट आमचा रिकामाच जातो.

खरं खरं सगळं लिहून पाठवलं, निळ्या टिका आल्या, तीन दिवस उत्तर नाही. काय करू?

रागावलेच असतील असं नाही, पेशंटच्या मधे मधे वाचलेला मेसेज वर सरकून जातो, माझ्याकडून चिक्कार वेळा झालंय. क्लिनिकला दुपारी फोन करा, रिसेप्शनवरच्या मुलीला फक्त एवढंच सांगा की माझ्या मोजमापाच्या कागदाचा फोटो पाठवा. पहिल्या दिवसाचे आकडे त्यावर असतात, आणि पुढे ज्या कोणाकडे जाल ते तेच पहिलं विचारतील.