खवले खरवडायची घाई

“दोन्ही कोपरांवर आणि गुडघ्यांवर जाड चट्टे आलेत, वरून पांढरे पापुद्रे पडतात. दोन वर्षं इसब समजून मलमं लावतेय, जातच नाही. हे नक्की काय आहे? माझ्या बाळाला होईल का?”

स्पर्शाने तर नक्कीच होणार नाही. बाळाला खुशाल कुशीत घ्या, असं मी हा प्रश्न घेऊन आलेल्या बाईंना सर्वात आधी सांगितलं, कारण त्या पूर्ण बाह्यांचे कपडे घालून बाळाला घेत होत्या. घराण्यात कल असू शकतो, पण तो संसर्ग नव्हे.

मग बाह्या वर करून बघितलं. चट्ट्याची कड पेन्सिलीने आखल्यासारखी स्पष्ट होती आणि वर चंदेरी खवल्यांचा जाड थर होता. इसबाची कड अशी नसते, ती आजूबाजूच्या त्वचेत विरत जाते. मोठ्यांमध्ये इसब बहुधा कोपराच्या आतल्या घडीत आणि गुडघ्याच्या मागे धरतं, फार खाजतं, चिघळलं की पाणी सुटतं. यांचे चट्टे बाहेरच्या हाडाळ बाजूला होते आणि कोरडे. म्हणून मला सोरायसिसची, म्हणजे त्वचेच्या पेशी फार वेगाने वर येऊन खवले साचण्याच्या आजाराची, शंका आली. खाज मात्र सोरायसिसलाही येते, त्यामुळे नुसत्या खाजेवरून ठरवू नये. सावळ्या त्वचेवर चट्टा लाल न दिसता जांभळट किंवा तपकिरी दिसतो, तिथेही पुष्कळदा फसगत होते.

मी नखं बघायला मागितली. दोन नखांवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे होते. ते त्यांनी कधी मनावरच घेतले नव्हते! आमच्या त्वचारोगतज्ज्ञांनी तपासून सोरायसिसच असल्याचं सांगितलं.

पण माझा जीव अडकला तो त्यांच्या एका वाक्यात: “मी रोज आंघोळीत वजरीने घासून खवले काढते.” खवला ओरबाडला की खालून रक्ताचे बारीक ठिपके येतात, ते त्यांनी पाहिलेच होते. गुडघ्याखाली जिथे त्वचा खरचटली होती, तिथे एक नवा चट्टाही उठला होता. सोरायसिसमध्ये जखमेच्या जागी असं होऊ शकतं. एरवी त्वचेची पेशी वर येऊन गळायला महिनाभर लागतो, इथे ती काही दिवसांत वर येते. म्हणून घासून थर संपत नाही, पुन्हा साचतो.

वजरी बंद झाली. कोमट पाण्याने आंघोळ, अंग ओलसर असतानाच जाडसर मॉइश्चरायझर, आणि डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड आणि ड जीवनसत्त्वाच्या प्रकारातलं औषध असलेलं मलम, दिवसातून एकदा, फक्त चट्ट्यांवर. बरं दिसलं म्हणून मनाने बंद करायचं नाही आणि मनाने वाढवायचंही नाही, हे मी दोनदा बजावलं. पूर्वीच्या मलमांचा घोटाळा तिथेच होता: चार दिवस लावायचं, आठ दिवस विसरायचं.

सहा आठवड्यांनी खवले जवळजवळ गेले होते, डाग उरले होते. डाग हळूहळू फिके होतात. आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो, हेही सांगून ठेवलं. आणि निघताना विचारलं, “सकाळी उठल्यावर बोटं किंवा टाच आखडते का?” सोरायसिसबरोबर सांधेही धरू शकतात. त्या म्हणाल्या, “नाही.” तसं कधी वाटलं तर थांबू नका, लगेच या, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.