बायोचं शेवटचं वाक्य

तुझा होमस्टेचा बायो वाचला. मालवण, चार खोल्या, घरचं जेवण, इथवर ठीक आहे. पण शेवटी तू तीन गोष्टी कोंबल्यास: समुद्राची आवड, फोन नंबर आणि 'आजच बुक करा'. इन्स्टाग्रामवर बायोला जेमतेम १५० अक्षरं मिळतात, त्यात शेवट एकाच गोष्टीचा ठेव.

आधी बघ, बायोच्या खाली काय दिसतं. बिझनेस खात्याला संपर्काचं बटण लावता येतं. ते लावलं असेल, तर नंबर लिहिणं म्हणजे दहा अक्षरं वाया. लिंक मात्र बायोच्या लगेच खाली येते, म्हणून शेवट तिच्याकडे बोट दाखवणारा हवा. 'आजच बुक करा' नको. पाहुण्याला आधी खोली रिकामी आहे का तेच कळायचं असतं. 'रिकाम्या तारखा खालच्या लिंकवर बघा' असं लिही. पावसाळ्यात बंद ठेवणार असशील तर हे वाक्य बदलायला विसरू नकोस, नाहीतर जुलैतही लोक विचारत राहतात.

दिवाळी अंकात परिचय देशील तेव्हा हाच शेवट विचित्र वाटेल. तिथे लिंक दाबता येत नाही आणि वाचक खोली शोधत नसतो. तिथे 'घावणे आई अजून बिडाच्या तव्यावरच काढते' हे चालेल. 'आम्हांला समुद्र आवडतो' मात्र कुठेच नको. किनाऱ्यावरचा प्रत्येक जण तेच लिहितो.

नंबर शेवटी कधी? छापील पत्रकावर, जिथे दुसरीकडे तो कुठेच नाही.