मॅनहॅटन पाणचट होतंय? आधी बर्फाकडे बघा

प्रश्न: "६० मिली बर्बन, ३० मिली स्वीट व्हर्मुथ, बिटर्सचे दोन डॅश. रेसिपीत आहे तसं ३० सेकंद ढवळतो, तरी पाणचट लागतं. बारमधल्यासारखं का होत नाही? राय व्हिस्की घेऊन बघू का?"

राय घ्याच, पण ते नंतर. हे दुखणं माझ्याकडेही बरेच दिवस मुक्कामाला होतं, म्हणून सविस्तर लिहितोय. मी बारटेंडर नाही, हौशी आहे, तेव्हा जाणकारांनी चुकलं तर कान धरावा.

माझ्या डोक्यात घोळ घातला तो इथल्याच, न्यू जर्सीतल्या एका वीकेंड कॉकटेल क्लासने. नाव घेत नाही. फी चांगली सणसणीत होती. शिकवणाऱ्या साहेबांचा एकच मंत्र: मोजून पन्नास फेरे आणि गाळून घ्या. बर्फ मात्र टेबलाखाली उघड्या टबात, स्वतःच्याच पाण्यात पोहत पडलेला. त्याचं काय, असं विचारलं तर म्हणाले, बर्फ तो बर्फ. नंतर घरून ईमेल करून विचारलं, तर उत्तरात सर्टिफिकेटची पीडीएफ आली!

खरी गोम त्या टबातच आहे. पेय गार होतं ते बर्फ वितळताना उष्णता ओढून घेतो म्हणून. म्हणजे थोडं पाणी मिसळणारच, आणि ते हवंही असतं, त्याशिवाय व्हिस्कीचा झणका उतरत नाही. पण बर्फाच्या अंगावर आधीच साचलेलं पाणी जवळपास काहीच गार करत नाही, नुसतं पेयात उतरतं. खडे जितके लहान तितका त्यांचा पृष्ठभाग जास्त आणि हे फुकटचं पाणीही जास्त. त्यामुळे फेरे किंवा सेकंद मोजण्याला तसा अर्थ नाही. टबातल्या चुऱ्यावर ३० सेकंद आणि फ्रीजरमधल्या मोठ्या खड्यांवर ३० सेकंद, यांत दोन वेगळी पेयं तयार होतात.

विश्वास बसत नसेल तर एकदा मोजून बघा. तुमचं मिश्रण ९० मिली. ढवळून, गाळून मापात ओता. ११० ते ११५ भरलं तर ठीक. १२५ च्या वर गेलं तर दोष बर्फाचा, तुमच्या हाताचा नाही.

आता कृती. मोठे, घट्ट खडे ऐन वेळी फ्रीजरमधून काढा. ओलसर वाटले तर गाळणीत झटका, कापडाने टिपा. जाड काचेचा मिक्सिंग ग्लास छान दिसतो, पण तो गरम असेल तर त्यालाच गार करण्यात बर्फ खर्ची पडतो. एक तर तो आधी फ्रीजरमध्ये ठेवा, नाहीतर सरळ स्टीलचा उंच पेला घ्या, मी तोच वापरतो. बर्फ द्रवाच्या वरपर्यंत यायला हवा. दोनच खडे वर तरंगत असतील तर ढवळत राहाल आणि पेय धड गार होणार नाही.

लांब दांड्याचा चमचा मधलं बोट आणि अनामिका यांच्यामध्ये धरा, चमच्याची पाठ भांड्याच्या भिंतीला टेकलेली. मनगट जवळजवळ स्थिर, काम बोटांचं. सगळा बर्फ एकसंध गोल फिरला पाहिजे. खडखडाट होत असेल तर तुम्ही ढवळत नाही, बर्फ फोडताय, आणि फुटला की पुन्हा पाणी. शेक तर करूच नका, हवेचे बुडबुडे शिरून पेय गढूळ होतं आणि तो रेशमी जडपणा जातो. वीसेक सेकंदांनी चमच्याने थेंबभर चाखा. अल्कोहोलचा चटका मवाळ झाला पण चव भरलेली असली की थांबा. गार केलेल्या ग्लासात गाळा. पुढे "आणखी थोडं" म्हणून ढवळलं की ते पेय हातचं गेलं.

आता राय. तुमचं बर्बन ४० टक्क्यांचं असेल, तर सगळं नीट करूनही ते पातळ वाटू शकतं. हिशोब करा: २५ मिली पाणी मिसळल्यावर व्हर्मुथ धरून अख्खं पेय जेमतेम २५ टक्क्यांवर येतं, ५० टक्क्यांची राय घेतली तर ३० वर राहतं. शिवाय रायचा मिरमिरीत तिखटपणा व्हर्मुथच्या गोडीला तोंड देतो. बर्बनमध्ये मुळातच मका निम्म्याहून जास्त, म्हणून ते गोडसर. त्यालाच चिकटून राहायचं असेल तर व्हर्मुथ २० ते २५ मिलीवर आणा. हे माझं मत, काहींना गोडच आवडतं.

आणि हो, व्हर्मुथची उघडी बाटली व्हिस्कीशेजारी कपाटात ठेवत असाल तर आधी फ्रिजमध्ये हलवा. ती शेवटी वाइनच. महिना-दोन महिन्यांत संपवा. शिळ्या मनुकांसारखा उतरलेला, आंबूस वास येत असेल तर ओतून द्या. म्हणून लहान बाटलीच घ्या, मोठीवर दोन डॉलर वाचवून काही मिळत नाही.