‘टोन्ड’ म्हणजे नक्की किती?

“मॅडम, मला वजन नाही हो कमी करायचं, मला फक्त टोन्ड दिसायचंय. सात महिने जिमला जातेय, गोड बंद केलंय, तरी आरशात तीच मी. अजून किती करायचं म्हणजे होईल?”

हे वाक्य मी वर्षभरात इतक्या जणींकडून (आणि जणांकडूनही, ते ‘शेप’ म्हणतात) ऐकलंय की आता पुढचा प्रश्न आपोआप तोंडातून निघतो. “कुठे टोन्ड?”

अनघा, नाव अर्थात बदललंय, वय ३४, उंची १५७ सेंटिमीटर, वजन ६२. माझ्याकडे आली होती ती चिडचिड आणि झोपेसाठी, हा विषय तिसऱ्या भेटीत निघाला. ती म्हणाली, “कुठे म्हणजे... सगळीकडेच.” मी गप्प बसले. मग म्हणाली, “दंड. ब्लाऊजची बाही रुतते. आणि फोटोत पोट.” मी म्हटलं, हे बरं झालं, आता टेप आणता येईल.

टोन्ड हा शब्द शरीराला कळत नाही. त्यात खरं तर दोनच गोष्टी असतात, कातडीखालची चरबी थोडी कमी आणि तिच्याखाली स्नायू थोडा जास्त. फक्त दंडाची चरबी उतरवायचा व्यायाम नसतो, ती कुठून आधी जाईल हे शरीर ठरवतं. आपल्या हातात असतं एकूण चरबीचं प्रमाण, ताकद आणि ताटात काय पडतं ते. मी समुपदेशक आहे, आहाराचा तक्ता आमच्या ओळखीच्या आहारतज्ज्ञ बाईंनी केला आणि व्यायाम तिच्या ट्रेनरने, पण आकडे कुठले धरायचे नि कधी बघायचे हे मात्र आम्ही दोघींनी ठरवलं. आकडे हातात द्यायच्या आधी एक गोष्ट मी नेहमी विचारते, कधी उपाशी राहून किंवा उलटी काढून वजन उतरवलंय का, पाळी चुकते का? उत्तर ‘हो’ असेल तर हा खेळ मी सुरूच करत नाही, आधी डॉक्टर. अनघाचं ‘नाही’ होतं.

चरबीचं प्रमाण काढायला घरी तो पायाने उभं राहायचा स्मार्ट काटा होता, नवऱ्याने वाढदिवसाला दिलेला (यावर मी काही बोलत नाही). तो सकाळी ३१ टक्के दाखवायचा नि संध्याकाळी ३४, कारण तो अंगातून बारीक करंट सोडून पाण्यावरून अंदाज बांधतो, पाणी प्यायलं की अंदाज हलतो. म्हणून आम्ही साधी शिवणाची टेप घेतली. मान ३२, कंबर ८०, नितंब ९८, अमेरिकन नौदलाच्या पद्धतीने हिशेब केला तर साधारण ३४ टक्के. यातही तीन-चार टक्के इकडे तिकडे असतातच, पण त्याच टेपने त्याच जागी मोजलं तर बदल कळतो आणि आपल्याला बदलच हवाय. ६२ किलोतले जवळपास २१ किलो चरबी, उरलेले ४१ बाकी सगळं. ते ४१ तसेच राखून २८ टक्क्यांवर यायचं तर वजन येतं ५७. पाच किलो, पाच महिने. तिचा चेहरा पडला, “पाच महिने?” महिन्याला एक किलो, म्हटलं, स्नायू राखून उतरवायचं तर घाई परवडत नाही.

ताकदीत दोनच आकडे ठेवले. सात महिने ती अडीच किलोचे गुलाबी डंबेल्स पंधरा-पंधरा वेळा हलवत होती, तेच वजन, तेवढेच वेळा, मग स्नायूला वाढायचं कारण काय? गॉब्लेट स्क्वॉट, म्हणजे वजन छातीशी धरून मारलेल्या उठाबशा, तेव्हा ८ किलोने दहा होत होत्या, लक्ष्य १६ किलोने दहा. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहणं, नुसत्या २० किलोच्या बारने सुरू, लक्ष्य ५० किलोने पाच.

खाण्याचं मात्र आधी दोन आठवडे काहीच न बदलता नुसतं लिहायला लावलं. ते साधारण १८०० कॅलरी निघालं आणि वजन जागचं हललं नव्हतं, म्हणजे तेवढ्यात ती जिथल्या तिथे राहते. म्हणून लक्ष्य १४५० ते १५५०. प्रोटीन ४५ ग्रॅम निघालं, ते ८५ वर न्यायचं, दोन अंडी, १०० ग्रॅम पनीर, वाटीभर उसळ जास्त आणि वाटीभर दही, झाले चाळीसेक ग्रॅम. त्याबदल्यात दोन पोळ्या आणि चहासोबतचं खारी-बिस्किट गेलं आणि तेल मोजून. पोह्यांच्या फोडणीत पडणारा एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, हे ऐकून ती जरा वेळ बोललीच नाही.

मग सहाव्या आठवड्यात ती खूश होऊन आली. “मॅडम, अडीच किलो गेले!” वही उघडली. १०८०. १११०. १०५०. ठरलेल्यापेक्षा रोज चारशे कमी. मी रागावले नाही, नुसतं म्हटलं, “मागचं पान उलट.” ताकदीचं पान होतं. चौथ्या आठवड्यात १२ किलोने दहा स्क्वॉट, सहाव्यात त्याच १२ किलोने सहाच. झोप परत उडालेली, मुलावर ओरडणं परत सुरू.

“काटा म्हणतोय भारी चाललंय,” मी म्हटलं, “आणि हे पान?”

बराच वेळ ती त्या सहाच्या आकड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे मी नुसती बारीक होतेय. टोन्ड नाही.”

तेव्हा मलाही एक गोष्ट नीट कळली, जी मी तोवर अर्धवटच सांगत होते. या तीन आकड्यांची घड्याळं वेगळी आहेत. खाण्याचा आकडा रोज बघायचा कारण तो रोज आपल्या हातात असतो, आणि त्याला वरची हद्द असते तशी खालचीही हवी. ताकदीचा आठवड्याला, तो साक्षीदार, खाणं कमी पडलं की आधी तोच बोलतो. आणि चरबीचा चार आठवड्यांनी एकदा, पाळी संपल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, कारण पाळीच्या आधी अंगात पाणी साठून काटा किलो-दीड किलोने सहज वर जातो. लोक नेमकं उलटं करतात, चरबी रोज मोजतात नि खाणं महिन्यातून एकदा आठवतात. आमच्या क्षेत्रात भावनांवर फार बोललं जातं, मी आधी हातातली कृती बदलायला लावणाऱ्यांपैकी आहे, आणि अनघाची चिडचिड मला वाटतं त्या खालच्या हद्दीने जास्त उतरली, माझ्या बोलण्याने कमी.

१४५० च्या खाली गेलं तर वहीत लाल पेन, एवढंच ठरवलं. दोन आठवडे वजन तिळभर हललं नाही, ती फोनवर रडकुंडीला आली, पण स्क्वॉट परत दहावर आला होता म्हणून टिकली.

पाच महिन्यांनी मान साडे-एकतीस, कंबर ७४, नितंब ९४. वजन ५७.८, चरबी २९ टक्के. म्हणजे चरबी सोडून बाकीचं सगळं अजून ४१ किलोच. डेडलिफ्ट ५० किलोने पाच, स्क्वॉट १४ वर अडकलेला.

“२८ नाही झालं,” ती म्हणाली.

“टेपची चूकच तीन-चार टक्क्यांची आहे गं. बाहीचं काय?”

“बाही? ती होते आता.” मग वही पुढे ओढून १४ च्या पुढे तिने १६ लिहिलं आणि चरबीच्या रकान्यात पुढच्या महिन्याची तारीख टाकायचीच विसरली. मीही आठवण केली नाही.