अपघाताची भरपाई, तिच्यावरचं व्याज आणि कापलेला टीडीएस

प्रश्न : किणीजवळ हायवेला ट्रकच्या धडकेत माझे मालक गेले. ऑगस्ट 2025 मध्ये विमा कंपनीने माझ्या वाट्याचे 20 लाख आणि व्याजाचे 5 लाख भरले, पण 50 हजार टीडीएस कापला. करसल्लागार म्हणतात, पाच लाख उत्पन्नात धरा. बरोबर आहे का?
– एक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, पाचही लाख धरू नका.

20 लाखांवर मुळात करच नाही. मोटार अपघात न्यायाधिकरणाने मालकांची कमाई घेऊन वयाप्रमाणे गुणक लावला, म्हणून तो आकडा पगारासारखा वाटतो. पण झाड तोडल्याची किंमत फळांवरून काढली, तरी मिळते ती झाडाचीच किंमत. ही भांडवली जमा आहे. अपघातात टेम्पो महिनाभर उभा राहिला आणि त्याच्या बुडालेल्या भाड्याची भरपाई मिळाली असती, तर मात्र ते उत्पन्न ठरलं असतं.

व्याजाबाबत तुमच्या सल्लागारांचा आधार आयकर कायद्याचं कलम 56(2)(viii) असणार : भरपाईवरचं व्याज हाती येतं त्या वर्षी करपात्र. पण मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये रूपेश शाह प्रकरणात सांगितलं, की भरपाईचा अर्ज दाखल झाल्यापासून निकालापर्यंतचं व्याज हा भरपाईचाच भाग आहे. जे मुळात उत्पन्न नाही, ते या कलमाने उत्पन्न होत नाही. टीडीएस कापला गेला, एवढ्यानेही होत नाही. महाराष्ट्रातल्या आयकर अधिकाऱ्यांवर हा निकाल बंधनकारक आहे.

आता निकालपत्र काढा आणि दोन तारखा शोधा : निकालाची आणि कंपनीने पैसे भरल्याची. समजा व्याजदर साडेसात टक्के आहे आणि अर्ज निकालाआधी तीन वर्षं चालला. म्हणजे वर्षाला दीड लाख, तीन वर्षांचे साडेचार लाख. हे उत्पन्न नाही. निकालानंतर पैसे भरायला कंपनीने चार महिने लावले, त्याचे 50 हजार. हे उशिराचं व्याज ‘इतर स्रोत’मध्ये दाखवा. त्यातून कलम 57(iv) खाली निम्मी वजावट मिळते, म्हणजे करपात्र फक्त 25 हजार.

कंपनीकडून फॉर्म 16A घ्या आणि टीडीएस तुमच्याच पॅनवर जमा दिसतो का, ते 26AS या करजमेच्या विवरणपत्रात पाहा. सासूबाईंचा किंवा मुलांचा वाटाही तुमच्या पॅनवर टाकण्याची चूक मी अनेकदा पाहिली आहे. रिटर्न ITR-2 मध्ये भरा. साडेचार लाख करमुक्त रकमांच्या Schedule EI या तक्त्यात दाखवा आणि टीडीएसचा पूर्ण परतावा मागा. रक्कम कुठेच दाखवली नाही, तर टीडीएसशी मेळ बसत नाही, परतावा अडकतो आणि नोटीस येते. आली तर घाबरू नका. निकालपत्राची सही-शिक्क्याची प्रत आणि वरचा तारखांचा हिशोब जोडून उत्तर द्या.

2026 च्या अर्थसंकल्पात हे व्याज करमुक्त करण्याची तरतूद मांडली गेली, पण ती 1 एप्रिल 2026 पासूनची. तुमची रक्कम त्याआधीची, म्हणून ही वाट.

न्यायाधिकरणाने तुमच्या रकमेतला काही भाग बँकेत मुदत ठेवीत ठेवायला लावला असेल, तर त्या ठेवीचं व्याज मात्र साधं बँकव्याज आहे. ते दरवर्षी उत्पन्नात धरा.